रविवारचे साडेपंचवीस

मराठीत रात्र आदल्या दिवसाची असते. शनिवारचा उपवास धरलेला माणूस रात्री बारा वाजून एक मिनिटाने "झाला रविवार" म्हणून पानावर बसत नाही. तो सकाळची वाट पाहतो. पंचांगातला वारही सूर्योदयाला बदलतो. म्हणून मंगळवारी पहाटे दोनला जन्मलेल्या बाळाची दवाखान्याच्या कागदावर मंगळवारची तारीख पडते, आणि पत्रिका करणारे गुरुजी मात्र वार सोमवार धरतात. दोघांचंही बरोबर असतं. दिवस कधी संपतो, याबद्दल दोघांची घड्याळं वेगळी असतात, एवढंच.

घरात बसून हा फरक कुणाला बोचत नाही. बोचतो तो मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट काढताना. कारण आपण विचार करतो पंचांगाच्या दिवसात, आणि तिकीट छापलं जातं मध्यरात्रीला उलटणाऱ्या दिवसात.

बारामतीत माझं झेरॉक्सचं आणि छपाईचं छोटं दुकान आहे. मी तिकिटं काढत नाही, पण लोकांनी मोबाईलवर काढलेली किंवा कुणाकडून काढून घेतलेली तिकिटं छापून देते. म्हाताऱ्या माणसांना कागद हातात असल्याशिवाय प्रवासाला निघाल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे आठवड्याला बरीच तिकिटं माझ्या डोळ्यांखालून जातात. आमच्या भागाची एक गंमत आहे. बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुके अशा जागी आहेत, की मुंबईहून किंवा सोलापूरहून रात्री सुटलेली गाडी आमच्याजवळून बरोबर मध्यरात्रीच्या आगेमागे जाते. रेल्वे दौंडला किंवा कुर्डुवाडीला, आणि बस भिगवण-इंदापूरच्या हायवेवर. गाडी जिथून सुटते तिथे संध्याकाळ किंवा रात्र असते, जिथे पोहोचते तिथे सकाळ असते. तारीख बदलते ती आमच्या अंगणात.

याचा फटका माझ्या मामा-मामींना बसला, आणि तेव्हापासून मी तिकीट नुसतं छापायचं सोडून वाचायला लागले.

मामा इंदापूर तालुक्यातले. मामींची मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात सोमवारी सकाळी नऊची तपासणी होती. नंबर दीड महिन्याने लागलेला. मामांनी जवळच्या गावात तिकिटं काढून देणाऱ्या एकाला सांगितलं, "रविवारी रात्रीचं दौंडहून मुंबईचं दोन जणांचं काढ." त्याने काढलं. तिकिटावर रविवारची तारीख होती, दौंडची वेळ 01:30 होती, दोन खालचे बर्थ होते. मामा-मामी रविवारी रात्री जेवून, डबा घेऊन, एकला दौंडच्या फलाटावर हजर. गाडी आली, डब्यात चढले, तर त्यांच्या बर्थवर दोघं झोपलेले. तिकीट तपासनिसाने कागद पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, हे कालचं आहे. ही गाडी काल रात्री गेली."

मामी मला नंतर म्हणाल्या, "अगं, पण तारीख बरोबरच होती की. रविवारच होता ना?" त्या खाली उतरल्या, मामांनी खिडकीवर साधं तिकीट काढलं, आणि मागून आलेल्या गाडीच्या जनरल डब्यात मामी मुंबईपर्यंत दाराजवळ बसून गेल्या. तपासणी झाली, पण उपाशीपोटी करायच्या तपासणीला त्या रात्रभर न झोपता पोहोचल्या, आणि रक्तदाब इतका चढलेला की डॉक्टरांनी आधी त्यांना दोन तास झोपवून ठेवलं.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. मामांनी "रविवारी रात्री" म्हटलं ते मराठी म्हणून अचूक होतं. तिकीट काढणाऱ्याने रविवारची तारीख टाकली. रेल्वेने रविवारी 01:30 ची जागा दिली. पण मामांचा रविवार दिवस मावळल्यावर रात्रीत शिरत होता, आणि रेल्वेचा रविवार त्याच्या चोवीस तास आधीच अंधारात सुरू झाला होता.

हे उदाहरण पुरतं सोडवून पाहू. सोलापूरहून मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस घ्या. ती सोलापूरहून रात्री उशिरा सुटते, दौंडला मध्यरात्र उलटल्यावर येते आणि सकाळी मुंबईत पोहोचते. वेळापत्रकं बदलत राहतात, म्हणून हिशोबापुरते गोल आकडे धरते: सोलापूर 22:30, दौंड 01:30, मुंबई 07:00. आता मामींना मुंबईत सोमवारी सकाळी पोहोचायचं आहे. शेवटाकडून मागे या. मुंबई सोमवार 07:00. दौंड त्याआधी साडेपाच तास, म्हणजे 01:30. सोमवार 07:00 मधून मागे येताना मध्यरात्र ओलांडली का? नाही. साताच्या मागे दीडपर्यंत आलो, शून्याच्या मागे गेलो नाही. म्हणजे दौंडही सोमवारच. आणखी तीन तास मागे गेलो तर 22:30. आता मात्र मध्यरात्र ओलांडली, म्हणून सोलापूर रविवार. तिकीट सोलापूरहून काढलं असतं तर रविवारची तारीख बरोबर ठरली असती. दौंडहून काढायचं तर सोमवारची तारीख हवी. गाडी एकच, डबा एकच, पण चढणाऱ्याच्या स्टेशनाप्रमाणे तारीख वेगळी.

पोहोचण्याच्या वेळेपासून मागे यायचं, ही सवय मला सर्वांत भरवशाची वाटते. कारण पोहोचण्याची वेळ बहुधा उजेडातली असते आणि उजेडातल्या वाराबद्दल पंचांगाचं आणि रेल्वेचं भांडण नसतं. सोमवारची सकाळ सगळ्यांचीच सोमवार असते.

रेल्वेच्या चौकशीच्या पानावर गाडीचं पूर्ण वेळापत्रक उघडलं की स्टेशनांच्या पुढे एक `Day` असा रकाना दिसतो. त्यात 1 किंवा 2 लिहिलेलं असतं. हा आकडा गाडी जिथून सुटली तिथल्या दिवसापासून मोजलेला असतो. वरच्या उदाहरणात सोलापूर आणि कुर्डुवाडीपुढे 1 येईल, दौंडपासून पुढे 2. तुमच्या स्टेशनापुढे 2 असेल, तर तिकिटावरची तारीख गाडी सुटण्याच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची असते. उलट बाजूने सांगायचं तर, तिकिटावर सोमवार आहे आणि रकान्यात 2 आहे, म्हणून ही गाडी रविवारची.

हे कळलं की आणखी दोन कुलपं याच किल्लीने उघडतात. पहिलं तत्काळचं. तत्काळ तिकिटं प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतात, एसीची सकाळी दहाला आणि स्लीपरची अकराला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण हा आदला दिवस मोजतात तो गाडी सुटण्याच्या तारखेपासून, आपण चढण्याच्या तारखेपासून नाही. मामांना दौंडहून सोमवारी 01:30 ला जायचं आहे. सोमवारचा आदला दिवस रविवार, असं म्हणून ते रविवारी सकाळी अकराला मोबाईल उघडून बसले, तर तत्काळ आदल्या दिवशीच उघडून गेलेलं असेल. गाडी सोलापूरहून सुटते रविवारी, म्हणून तत्काळ उघडतं शनिवारी. दुसरं कुलूप म्हणजे गाडी कुठवर आली ते पाहणं. सोमवारी मध्यरात्री साडेबाराला फलाटावर उभं राहून मोबाईलवर गाडी शोधली आणि सुटण्याची तारीख म्हणून 'आज' निवडलं, तर ती गाडी अजून सुटलीच नाही असं दिसतं. माणूस घाबरतो. तिथे 'काल' निवडायचं असतं, कारण गाडी काल सुटली आहे. आठवड्यातून एकदाच धावणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. "शनिवारी धावते" असं लिहिलेलं असतं ते सुटण्याच्या गावाबद्दल. आपल्याकडे ती रविवारी उजाडण्याआधी येत असेल, तर चुकलेली तारीख एका दिवसाने नाही, आठवड्याने महाग पडते.

एवढं सगळं चोवीस तासांच्या घड्याळात. रेल्वे आणि एसटी हे घड्याळ वापरतात ही त्यांची मेहेरबानीच म्हणायची, कारण 01:30 आणि 13:30 यांत घोळ होऊ शकत नाही. त्या घड्याळात फक्त वाराचा घोळ उरतो. खाजगी बसच्या ॲपमध्ये मात्र एएम-पीएम येतं आणि एका घोळात दुसरा मिसळतो.

शाळेत आपल्याला एएम म्हणजे सकाळ आणि पीएम म्हणजे संध्याकाळ असं शिकवलं गेलं. हे भाषांतर अर्धवट आहे. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ मध्यान्हाच्या आधी आणि मध्यान्हाच्या नंतर. त्यात मध्यरात्रीचं नावच नाही. मध्यरात्रीनंतरचे सगळे तास पुढच्या मध्यान्हाच्या आधीचे, म्हणून ते एएम. मराठीत रात्रीचे दोन आणि पहाटेचे चार असतात, 'सकाळचे दोन' कुणी म्हणत नाही. त्यामुळे 2 AM वाचताना फारशी गडबड होत नाही, मन आपोआप दुरुस्ती करतं. गडबड होते बारावर. 12:20 AM म्हणजे 'सकाळचे बारा-वीस' असं मनात भाषांतर झालं, की मन म्हणतं, सकाळ संपता संपता बारा वाजतात, म्हणजे हे ऊन असणार. आणि 12:20 PM पाहिलं की पीएम म्हणजे रात्र, म्हणून मध्यरात्र. बरोबर उलटं.

बाराचा आकडाच इथे फसवा आहे. या घड्याळात बारा शेवटी येत नाहीत, सुरुवातीला येतात. बाराच्या जागी शून्य लिहून पाहिलं की सगळं सरळ होतं. 12:20 AM म्हणजे 00:20, दिवस सुरू होऊन वीस मिनिटं झाली. 12:20 PM म्हणजे मध्यान्ह होऊन वीस मिनिटं झाली. चोवीसच्या घड्याळात न्यायचं तर पीएमच्या आकड्यात बारा मिळवायचे, पण बाराचा आकडा स्वतः असेल तर एएममध्ये तो शून्य होतो आणि पीएममध्ये बाराच राहतो.

आता इंदापूरचं उदाहरण. एका ओळखीच्या मुलाची हैदराबादला शनिवारी सकाळी अकराला मुलाखत होती. मुंबईहून शुक्रवारी संध्याकाळी सुटणारी स्लीपर बस इंदापूरच्या बायपासला `12:20 AM` ला येणार आणि हैदराबादला `7:35 AM` ला पोहोचणार, असं ॲपवर दिसत होतं. तिकीट काढायच्या आधी त्याने मला दाखवलं. आम्ही दोन गोष्टी तपासल्या.

पहिली, प्रवासाला किती तास. 12:20 AM हे 00:20 धरलं तर 07:35 पर्यंत सव्वासात तास होतात. इंदापूरहून सोलापूर ओलांडून हैदराबादला रात्रीच्या बसला एवढा वेळ पटतो. तेच दुपारचे बारा-वीस धरले तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सव्वाएकोणीस तास होतात. एवढ्यात बस हैदराबादला जाऊन परत येईल. ॲपवर प्रवासाचा एकूण वेळ दिलेलाच असतो, त्याच्याशी ताडून पाहिलं की एएम-पीएमचा निकाल लागतो.

दुसरी गोष्ट तारीख, आणि ती जास्त अवघड. शनिवारी सकाळी पोहोचायचं, तर मागे येत इंदापूरची वेळ शनिवार 00:20. पण ॲपमध्ये शोधताना तारीख कुठली टाकायची? काही ठिकाणी बस ज्या दिवशी सुटते त्या तारखेखाली ती दाखवतात, म्हणजे शुक्रवार. काही ठिकाणी तुम्ही चढता त्या तारखेखाली, म्हणजे शनिवार. दोन्ही पद्धती चालू आहेत, आणि शोधाच्या पानावरून ते कळत नाही. शनिवार टाकून शोधलं तर यादीत सर्वांत वर 12:20 AM दिसू शकते आणि सर्वांत खाली 11:50 PM. दोन्ही मध्यरात्रीच्या, शेजारच्या वाटतात, पण त्यांच्यात जवळजवळ अख्खा दिवस आहे. पहिली शुक्रवारी जेवून निघण्याची, दुसरी शनिवारी जेवून. म्हणून शोधाची तारीख सोडून द्यायची आणि चढण्याचं ठिकाण निवडताना वेळेच्या शेजारी छापलेली तारीख पाहायची. ती दिसत नसेल तर उतरण्याच्या ठिकाणाची तारीख पाहायची. आमच्या मुलाला उतरण्याच्या ठिकाणी शनिवार दिसायला हवा होता. तो दिसला, मग त्याने पैसे भरले.

या सगळ्या हिशोबाला एक मर्यादा आहे, ती सांगायला हवी. तिकिटावरची तारीख वेळापत्रकाप्रमाणे असते, गाडी खरोखर केव्हा आली त्याप्रमाणे नाही. समजा, कुर्डुवाडीची वेळ रविवार 23:50 आहे आणि गाडी चाळीस मिनिटं उशिरा, सोमवारी 00:30 ला आली. तुमचं तिकीट रविवारचंच राहतं आणि ते चालतं. फलाटावरच्या घड्याळात सोमवार उजाडला म्हणून घाबरायचं कारण नाही. उलट, 00:10 ची गाडी असेल तर तिकीट सोमवारचं असतं आणि घर सोडायचं असतं रविवारी. बाराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वीस मिनिटांत सगळा खेळ आहे. 23:50 च्या गाडीला मामांची भाषा आणि रेल्वेची तारीख जुळते. 00:10 ला तुटते.

जगात इतरांनाही हा त्रास आहे, आणि काहींनी त्यावर मजेशीर तोडगा काढलाय. जपानमध्ये टीव्हीच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर पंचवीस वाजता, सव्वीस वाजता असं लिहितात. म्हणजे आदला दिवस संपलेला नाही, तो लांबलाय. बस-रेल्वेची वेळापत्रकं मोबाईलवरच्या नकाशांना पुरवण्यासाठी जीटीएफएस नावाची एक जगभर चालणारी मांडणी आहे, तिच्यातही मध्यरात्र ओलांडणाऱ्या फेरीची वेळ `25:30:00` अशी लिहिता येते. फेरी रविवारची, वेळ साडेपंचवीस. म्हणजे घड्याळात सोमवारचे दीड. हे मी मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "रविवारचे साडेपंचवीस. मग मी काय वेगळं म्हटलं होतं?"

तिकिटाच्या खिडकीवर मात्र साडेपंचवीस चालणार नाहीत. तिथे मराठीतच एक चांगला शब्द आहे आणि तो जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे: उजाडता. "रविवारी रात्री" याचे दोन अर्थ होतात. "रविवारी मध्यरात्री" असं वर्तमानपत्रात वाचलं तरी नेमकी कुठली मध्यरात्र ते कळत नाही. पण "रविवारची रात्र, सोमवार उजाडता, दीड वाजता" याचा एकच अर्थ होतो. त्यात आपली रात्रही आहे आणि रेल्वेची तारीखही. सांगणाऱ्याने असं सांगितलं, तर तिकीट काढणाऱ्याला तारीख विचारावी लागत नाही. आणि सांगणाऱ्याने नाही सांगितलं, तर काढणाऱ्याने एवढंच विचारावं, "कुठला दिवस उजाडताना?"

गजराचंही तेच. मोबाईलचं घड्याळ बारा तासांचं असेल तर रात्री साडेबाराचा गजर लावताना 12:30 PM लागतो आणि तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी वाजतो. घड्याळ चोवीस तासांचं करून घ्यावं, ते सेटिंगमध्ये एका बटणावर होतं. ते जमत नसेल तर गजर लावल्यावर पडद्यावर क्षणभर येणारी ओळ वाचावी: गजर आतापासून किती तासांनी वाजेल ते बरेच फोन तिथे सांगतात. रात्री नऊला झोपताय आणि साडेतीन तास दिसताहेत, तर ठीक. साडेपंधरा तास दिसले, तर पीएम लागलाय.

आता माझ्याकडे मध्यरात्र ते पहाटे चारच्या मधल्या वेळेचं तिकीट छापायला आलं, की मी आधी विचारते, "पोहोचायचं कुठल्या सकाळी?" आणि मागे येत मोजते. तारीख जुळली तर छापते, नाही जुळली तर त्यांना परत पाठवते, कारण प्रवासाआधी कळलं तर काहीतरी करता येतं. छापल्यावर कोपऱ्यात पेनाने एक ओळ लिहून देते. त्या ओळीत गाडीची वेळ नसते, घराची असते. तिकिटावर सोमवार 01:30 असलं तरी माझी ओळ अशी असते: 'घरातून निघणे, रविवार, रात्रीचं जेवण झाल्यावर, साडेअकरा.'